बावीस दिवस नेट बंद, बिल मात्र पूर्ण: पैसे परत कसे मागायचे

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 7 जुलै 2025 ला संध्याकाळी, आमच्या गावातलं फायबर गेलं. गाव दारव्हा तालुक्यातलं. फाट्यावर रस्ता रुंद करायचं काम सुरू होतं, जेसीबीनं नालीसोबत केबलही उपसून टाकली. नेट परत आलं ते नागपंचमीला, 29 जुलैला. मधल्या दिवसांत सोयाबीनला डवरणी झाली, शाळेचे फॉर्म भरून झाले, सगळं मोबाइलच्या एका काडीवर. आणि 1 ऑगस्टला बिल आलं पूर्ण महिन्याचं.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. अर्ज लिहिणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे त्या आठवड्यात बिल घेऊन माझ्याकडे दहा-बारा जण येऊन गेले. त्यातल्या एकाच माणसाचं प्रकरण इथं पूर्ण सांगतो, कारण त्यात जेवढं चुकायचं तेवढं सगळं चुकलं होतं आणि तरी पैसे मिळाले. निवृत्त शिक्षक आहेत, गावात सगळे गुरुजीच म्हणतात. प्लॅन महिन्याला 599 रुपयांचा, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 706 रुपये 82 पैसे. कंपनीचं नाव सांगत नाही. जे झालं ते कोणत्याही कंपनीकडे होऊ शकतं.

लाईनमनला फोन केला म्हणजे तक्रार झाली नाही

नेट गेलं की आपण पहिला फोन कोणाला करतो? केबलवाल्या भाऊला. त्याचा नंबर पाठ असतो, तो ओळखीचा असतो, आणि तो म्हणतो, "होऊन जाते काकाजी, उद्या माणूस पाठवतो." गुरुजींनीही तेच केलं. 7 तारखेला फोन, 8 ला फोन, दोन्ही वेळा "उद्या". कंपनीच्या वहीत मात्र या दोन दिवसांची नोंद शून्य, कारण कंपनी मोजायला सुरुवात करते ती तक्रार नोंदवल्याच्या वेळेपासून. तार तुटल्याची वेळ तिच्या हिशोबात नसते.

म्हणून लाईनमनला फोन जरूर करा, खरं काम तोच करतो, पण त्याआधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा ॲपमध्ये तक्रार टाका आणि डॉकेट नंबर घ्या. दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला असा नंबर देणं कंपनीला बंधनकारक आहे आणि तो एसएमएसने यावा लागतो. गुरुजींची तक्रार माझ्या सांगण्यावरून 9 जुलैला सकाळी नोंदली गेली. तिथून आपलं घड्याळ सुरू झालं.

आता हा एसएमएस कोणत्या मोबाइलवर जातो ते आधी पाहून घ्या. गुरुजींचं कनेक्शन घेताना मुलगा गावात होता, त्यानं स्वतःचा नंबर दिला होता. मुलगा राहतो पुण्याला. त्यामुळे डॉकेट नंबर पुण्याला, आणि पुढचा सगळा घोळही पुण्यालाच झाला. तो पुढे सांगतो.

मोडेमवरचा लाल दिवा

फायबरच्या मोडेमवर LOS असं लिहिलेला एक बारीक दिवा असतो. केबलमधून प्रकाश येणं बंद झालं की तो लाल होतो, बहुतेक मोडेममध्ये लुकलुकतो. याचा अर्थ बिघाड तुमच्या वायफायमध्ये नाही, तुमच्या मोबाइलमध्ये नाही, प्रकाश मोडेमपर्यंत पोचतच नाही. LOS बंद आहे, शेजारचा PON चा दिवा हिरवा आणि स्थिर आहे, तरी नेट नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. मग बिल थकल्यामुळे सेवा थांबवली आहे का, किंवा कंपनीच्या बाजूला काही सेटिंग बिघडलं आहे का, ते विचारायचं. पैसे परत मागताना हा फरक कामाला येतो, कारण कंपनी पहिल्यांदा हेच म्हणते की ग्राहकाकडचा प्रॉब्लेम होता.

आपल्याकडे कंपनीला अजून एक कारण तयार सापडतं, "गावात लाईटच नव्हती." पावसाळ्यात लाईट जाते हे खरं आहे, ते नाकारून उपयोग नाही. पण लाल दिवा पेटलेला असेल तर मोडेमला लाईट आहे हे त्यातच सिद्ध होतं. म्हणून दिवसातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, मोडेमचा फोटो काढायचा. मोबाइलमधल्या फोटोला तारीख-वेळ आपोआप लागते. गुरुजींच्या सुनेनं रोज सकाळी चहा ठेवला की एक फोटो, असे तेरा फोटो काढले होते. सगळे दिवस नव्हते, पण तेवढे पुरले. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवला तर मूळ फोटो मोबाइलमधून उडवू नका, कारण व्हॉट्सॲपमधून गेलेल्या फोटोतली मूळ माहिती निघून जाते.

याहून भारी पुरावा मात्र कंपनीच्याच घरात असतो. ॲपमध्ये रोज किती डेटा वापरला ते दिसतं. नेट सुरू झालं की लगेच तो महिना उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या. गुरुजींच्या पानावर 7 जुलैला थोडा वापर, 8 पासून 28 पर्यंत सलग शून्य, आणि 29 ला पुन्हा वापर सुरू. तीन माणसांच्या घरात, ज्यात नातू रोज संध्याकाळी कार्टून पाहतो, एकवीस दिवस सलग शून्य येणं म्हणजे लाईन मेलेली होती, आणि हे कंपनीचंच रेकॉर्ड सांगतं. काही ॲपमध्ये जुने महिने दिसेनासे होतात, म्हणून उशीर करू नका.

तक्रार परस्पर बंद होते ती जागा

पैसे बुडतात ते बहुतेक वेळा इथंच. कंपनी लाईनमनवर ठरावीक वेळेत तक्रार मिटवायचा दबाव ठेवते. केबल तर दोन किलोमीटरवर तुटलेली, ती त्याच्या हातात नाही. मग तो काय करतो? सिस्टीममध्ये तक्रार मिटली म्हणून बंद करतो आणि ग्राहकाला सांगतो की परत टाका. काही कंपन्यांत बंद करायला ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. गुरुजींच्या बाबतीत तो ओटीपी पुण्याला गेला. लाईनमननं मुलाला फोन केला, "दादा, एक नंबर आला असन, तेवढा सांगा, काम सुरू आहे." मुलानं ऑफिसच्या गडबडीत सांगून टाकला.

गुरुजी मला म्हणाले, "अरे, पोट्ट्यानं तिकडून सांगून टाकलं ना! आणि मी इथं लाल दिवा पाहून राहिलो."

असं दोनदा झालं. पहिली तक्रार 9 जुलैची, ती 12 ला बंद दाखवली. दुसरी 14 ला नोंदवली, ती 21 ला बंद दाखवली. तिसरी 22 ला नोंदवली आणि ती खरोखर 29 ला मिटली. कंपनीच्या कॉम्प्युटरला हे एकच वीस दिवसांचं दुखणं दिसलं नाही. त्याला दिसल्या तीन वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी, तीन दिवस, सात दिवस आणि सात दिवस. याचा पैशावर काय परिणाम होतो ते हिशोबात कळेल.

तेव्हा दोन गोष्टी पक्क्या करा. नेट स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो. त्याच्यावर चिडू नका, त्याचीही नोकरी आहे. "भाऊ, नेट सुरू झालं की लगेच सांगतो" एवढं म्हणा. आणि तक्रार मिटल्याचा मेसेज आला पण नेट आलं नाही, तर त्याच दिवशी फोन करून तीच तक्रार पुन्हा उघडायला सांगा. ते नवीनच नंबर देत असतील तर नोंदीत शब्द घालायला लावा की हा बिघाड आधीच्या अमुक डॉकेटचाच आहे आणि तो मिटलेलाच नव्हता. फोनवर बोलून झाल्यावर हेच दोन ओळींत कंपनीच्या ईमेलवर टाका. फोनवरचं बोलणं हवेत जातं, ईमेल राहतो. गुरुजींनी 14 आणि 22 तारखेला असे दोन ईमेल माझ्या केंद्रातून पाठवले होते. त्यात काही हुशारी नव्हती, रागाच्या भरात पाठवले होते, पण पुढे सगळं प्रकरण त्याच दोन ईमेलवर उभं राहिलं.

किती पैसे मागायचे

बहुतेक लोक म्हणतात, बंद होतं तेवढ्या दिवसांचे द्या. गुरुजींचाही पहिला हिशोब तोच होता. 8 ते 28 जुलै पूर्ण बंद, एकवीस दिवस. 599 ला 31 नं भागलं आणि एकवीसनं गुणलं की 405 रुपये 77 पैसे, वर जीएसटी. हा हिशोब चुकीचा नाही, पण तो कमी आहे.

तारेवरच्या ब्रॉडबँडसाठी ट्रायनं 2006 च्या नियमावलीत सवलतीचे टप्पे घालून दिले होते. बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त आणि सातपेक्षा कमी राहिला तर सात दिवसांच्या भाड्याएवढी सूट, सात ते पंधरा दिवसांत पंधरा दिवसांची, आणि पंधरा दिवसांच्या वर गेला तर पूर्ण एका महिन्याची. 1 ऑक्टोबर 2024 पासून नवीन नियमावली लागू झाली. तीन दिवसांनंतर दुरुस्त झालेल्या बिघाडाची भरपाई द्यायची ही गोष्ट तिच्यातही आहे, आणि ती पोस्टपेड-प्रीपेड दोघांनाही लागू आहे. आपल्या कंपनीचा चालू तक्ता पाहायची जागा म्हणजे तिची ग्राहक सनद. प्रत्येक दूरसंचार कंपनीला ही सनद वेबसाइटवर ठेवावी लागते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात Telecom Consumers Charter अशी लिंक असते. त्यात बिघाडाच्या भरपाईचा तक्ता असतो, तक्रार केंद्राचा नंबर असतो आणि अपील अधिकाऱ्याचा पत्ताही तिथंच असतो. ते पान डाउनलोड करून ठेवा आणि मागणी करताना त्यातलीच ओळ त्यांना दाखवा. स्वतःच्याच सनदेला नाही म्हणणं कंपनीला जड जातं.

गुरुजींच्या कंपनीच्या सनदेत हेच तीन टप्पे होते. आता मोजा. 9 जुलै ते 29 जुलै हे वीस दिवस. मधले तीन रविवार, 13, 20 आणि 27, काढून टाकले तरी कामकाजाचे सतरा उरतात. कसंही मोजलं तरी पंधराच्या वर. म्हणजे सूट पूर्ण महिन्याची, 599 रुपये आणि त्यावरचा 107 रुपये 82 पैसे जीएसटी. पहिल्या दोन दिवसांची तक्रार झाली नव्हती त्याचा तोटा इथं झाला नाही, पण बिघाड सोळा दिवसांचा असता तर त्याच दोन दिवसांनी अर्धा महिना खाल्ला असता.

आणि कंपनीनं काय मोजलं? पहिली तक्रार तीन दिवसांची, म्हणजे टप्प्यात बसत नाही. उरलेल्या दोनपैकी एकीचे सात दिवस धरले आणि 135 रुपये 26 पैसे मंजूर केले. परस्पर बंद केलेल्या तक्रारींची किंमत ही एवढी.

प्रीपेड किंवा सहा महिन्यांचं एकदम भरलेलं असेल तर एकूण रकमेला सहानं भागून महिन्याचं भाडं काढा, बाकी हिशोब तोच. अशा वेळी कंपनी पैशांऐवजी मुदत वाढवून देऊ म्हणते. मला विचाराल तर चालू ठेवायचं असेल तर मुदत घ्या, पण वाढलेली शेवटची तारीख लेखी घ्या. आणि नेट बंद असताना रिचार्ज संपला तर सवयीनं नवीन मारू नका. ऑटोपे लावलं असेल तर ते थांबवा. बंद लाईनवर नवीन महिना सुरू झाला की हिशोबाची गुंतागुंत दुप्पट होते. "पैसे नको, स्पीड वाढवून देतो" याला हो म्हणू नका, स्पीड काय करायचा आहे?

बिलाची तक्रार ही वेगळी तक्रार

नेट सुरू झालं म्हणजे बिघाडाची तक्रार संपली. सूट आपोआप यायला हवी, पण येत नाही, निदान आमच्या गावात कोणालाच आली नाही. म्हणून बिल आल्यावर बिलाची नवी तक्रार टाकायची, नवा डॉकेट नंबर घ्यायचा. फोनवर "बिल जास्त आलं" म्हणू नका. तसं म्हटलं की ते प्लॅन समजावून सांगतात आणि तक्रार बंद करतात. "बिघाडाची भाडे सूट मिळाली नाही" असं म्हणा.

तोवर बिल भरायचं की नाही? मी गुरुजींना भरायला लावलं. न भरता भांडायला गेलं की उशिराचा दंड लागतो, मग लाईन तोडतात, आणि भांडण सुटीचं न राहता थकबाकीचं होऊन बसतं. रक्कम भरली आणि त्याच दिवशी ईमेलमध्ये लिहिलं की ही रक्कम सुटीचा हक्क राखून भरतो आहे.

ईमेल 5 ऑगस्टला गेला. मराठीतच लिहिला. तो असा होता:

"महोदय, माझा ग्राहक क्रमांक अमुक. माझ्या घरची फायबर सेवा 7 जुलै 2025 च्या संध्याकाळपासून 29 जुलै 2025 च्या दुपारपर्यंत पूर्ण बंद होती. पहिली तक्रार 9 जुलैला नोंदवली, डॉकेट क्रमांक अमुक. 12 आणि 21 जुलैला ही तक्रार मिटल्याचं दाखवलं गेलं, पण सेवा एक क्षणही सुरू झाली नव्हती. मी 14 आणि 22 जुलैच्या ईमेलने हे कळवलं आहे, सोबत जोडले आहेत. आपल्याच ॲपमधील वापराच्या नोंदीत 8 ते 28 जुलै रोज शून्य वापर आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. त्यामुळे तिन्ही डॉकेट हा एकच सलग बिघाड आहे. आपल्या ग्राहक सनदेप्रमाणे पंधरा दिवसांपेक्षा जास्त चाललेल्या बिघाडासाठी एका महिन्याच्या भाड्याची सूट मिळते. 599 रुपये आणि त्यावरील जीएसटी 107.82 रुपये, एकूण 706.82 रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. जुलैचे बिल मी हक्क राखून भरले आहे."

यात जेसीबीचा राग नाही, नातवाचं कार्टून नाही, "आम्ही खेड्यातले म्हणून" असं काही नाही. ते सगळं खरं आहे, पण वाचणाऱ्या माणसाला तारीख, नंबर आणि रक्कम एवढंच हवं असतं. रक्कम तर नक्की टाका. "योग्य ती सूट द्यावी" लिहिलं की योग्य काय ते कंपनी ठरवते.

बिलाच्या बहुतेक तक्रारी चार आठवड्यांत, आणि त्यातल्या राहिलेल्या सगळ्या सहा आठवड्यांत मिटवाव्यात असा ट्रायचा निकष आहे, आणि सूट मंजूर झाल्यावर ती आठवडाभरात खात्यात लावायची असते. गुरुजींना उत्तर लवकर आलं, 12 ऑगस्टला. 135 रुपये 26 पैसे मंजूर, तक्रार बंद.

अपील

बहुतेक जण इथं सोडून देतात. सव्वाशे रुपये तर सव्वाशे, चाललं. पण कंपनीच्या आतच दुसरी पायरी असते, अपील अधिकाऱ्याची, आणि तिला काही फी नाही. तक्रारीचं उत्तर पटलं नाही, किंवा मुदत संपूनही उत्तर आलं नाही, तर तीस दिवसांच्या आत अपील करायचं. ईमेलने होतं, पोस्टाने होतं, स्वतः जाऊनही देता येतं. अपिलाचा निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. पत्ता सनदेत असतो. कॉल सेंटरच्या पोरीला विचारू नका, तिला बिचारीला माहीत नसतो. सनदेत अपील अधिकारीच दिसत नसेल, जसं लहान कंपन्यांच्या बाबतीत घडतं, तर ही पायरी सोडून पुढच्या दारावर जा.

अपिलात नवी गोष्ट सांगायची नसते, कंपनीचं उत्तर कुठं चुकलं ते दाखवायचं असतं. गुरुजींच्या अपिलात एकच मुद्दा होता: कंपनीनं तीन डॉकेट वेगळे मोजले, पण 12 ते 14 आणि 21 ते 22 या मधल्या दिवसांत सेवा सुरू असल्याचा एकही पुरावा तिच्याकडे नाही, उलट तिच्याच नोंदीत त्या दिवशी वापर शून्य आहे. 25 ऑगस्टला अपील गेलं. त्यांनी एकदा फोन केला आणि विचारलं की 12 तारखेला ओटीपी तर तुम्हीच दिला होता ना? गुरुजी म्हणाले, "ओटीपी मुलानं पुण्यातून दिला. मोडेम पुण्यात नाही, गावात आहे." हे वाक्य ऐकून मला हसू आलं, पण फोनवरच्या बाईंना ते पटलं असावं.

कंपनी इथं अजून एक ढाल पुढे करते, नैसर्गिक आपत्ती. वीज पडली, पूर आला, तर तिचं म्हणणं ऐकावं लागतं. पण जेसीबीनं तोडलेली केबल ही आपत्ती नव्हे. रस्त्याचं काम कोण करतं आहे, तुटलेल्या केबलचा फोटो आहे का, एवढं बिघाड चालू असतानाच टिपून ठेवलं तर पुढे वाद होत नाही. आमच्याकडे फाट्यावरच्या उघड्या केबलचा फोटो होता, कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलेला.

24 सप्टेंबरला निकाल आला: तिन्ही डॉकेट सलग धरले, एका महिन्याची सूट मंजूर, आधी दिलेले वजा करून बाकी 463 रुपये 74 पैसे.

सूट लागली का, ते बिलात पाहा

शेवटचा घोटाळा बिलात असतो. 135 रुपये 26 पैसे सप्टेंबरच्या बिलात आले होते, बाकीचे ऑक्टोबरच्या बिलात यायचे होते. प्रश्न हा की ते जीएसटीच्या ओळीच्या वर लागतात की खाली. वर लागले तर 599 मधून 463.74 गेले, उरले 135.26, त्यावर जीएसटी, बिल 159 रुपये 61 पैसे. खाली लागले तर पूर्ण 706.82 मधून 463.74 गेले, बिल 243 रुपये 8 पैसे. फरक 83 रुपये 47 पैशांचा, आणि तो तुम्ही न मिळालेल्या सेवेवर भरलेला कर आहे. गुरुजींच्या बिलात पहिल्यांदा 243 चा आकडा आला. निकालाची प्रत जोडून एक ईमेल केला, पुढच्या बिलात दुरुस्त झालं.

अपिलानंही झालं नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, वेबसाइट consumerhelpline.gov.in. ते कंपनीला तक्रार पाठवतात आणि पाठपुरावा करतात, हुकूम देऊ शकत नाहीत. केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे pgportal.gov.in वर तक्रार टाकता येते. ट्रायला थेट लिहून उपयोग नाही, ते एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाहीत.

मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवा स्पष्टपणे येते, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये सांगितलं की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. आमच्यासाठी ते यवतमाळ. पण खरं सांगायचं तर पाचशे रुपयांसाठी यवतमाळच्या चार चकरा परवडत नाहीत. वर्षभर पुन्हा पुन्हा असंच चाललं असेल, किंवा नेटवरच पोट चालत असेल, जसं माझ्या केंद्राचं चालतं, तर विचार करा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसते.

घरात तार नाही, मोबाइलचंच नेट वापरता, तर वरचा तक्ता लागू नाही. मोबाइलसाठी 1 एप्रिल 2025 पासून वेगळा नियम आहे: जिल्ह्याच्या पातळीवर चोवीस तासांपेक्षा जास्त नेटवर्क गेलं तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ. एका गावचा टॉवर आठवडाभर मेला तर तो त्यात बसत नाही.

आणि ज्यांचं कनेक्शन केबलवाल्याला महिन्याला रोख चारशे देऊन चालतं, बिल नाही, पावती नाही, त्यांच्यासाठी यातलं काहीच करता येत नाही. माझ्याकडे आलेल्या दहा-बारा जणांत असे चार होते. त्यांना मी पुढच्या महिन्यापासून यूपीआयनं पैसे द्या आणि कंपनीच्या नावाचं बिल मागा एवढंच सांगू शकलो. दोघांना बिल मिळायला लागलं. एकाला केबलवाला म्हणाला, "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागन." तो सध्या विचार करून राहिला आहे.

गुरुजींनी मात्र नोंदणीचा मोबाइल नंबर बदलून स्वतःचा टाकला आहे.